आजारपणात दिवसभराच्या क्लायंट मीटिंगा एका मेसेजने पुढे ढकलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी सल्लागारांच्या कॅलेंडरची व्यवस्था पाहते. ‘आज तब्येत बरी नाही, सगळ्या मीटिंगा काढून टाक’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्यानंतर येणारे प्रश्नही पाठ झाले आहेत. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना मेसेजचे शब्द हवे असतात. शब्द सोपे आहेत, ते दुसऱ्या प्रश्नात दिले आहेत. घोळ होतो तो नव्या वेळा देताना, म्हणून सहाव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोठं आहे.

१. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की आज जमणार नाही, आणि दिवसभरात पाच मीटिंगा आहेत. सगळ्यांत आधी काय करू?

मेसेज लिहायला बसू नका. आधी कॅलेंडर उघडा आणि पाचही मीटिंगांवर एकदा नजर टाका. प्रत्येकीबद्दल एकच विचारायचं: हिला खरंच नवी वेळ लागणार आहे का? एखादी आठवड्याची नेहमीची असते, ती या वेळी वगळली तरी चालते (प्रश्न ११). एखादी आजच व्हायला हवी असते, ती सहकाऱ्याकडे जाते (प्रश्न १२). पाचांतल्या तीनच उरल्या, तर शोधायच्या वेळाही तेवढ्याच कमी होतात. अंगात ताप असताना हा फरक मोठा असतो.

मग कोण प्रवास करून येणार आहे ते बघा. त्याला फोन (प्रश्न ९). बाकीच्यांना मेसेज. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पहिल्या मीटिंगच्या दोन तास आधी हे झालेलं असावं. रात्रीच अंग मोडून आलं असेल आणि सकाळी जमणार नाही याची खात्री असेल, तर ईमेल रात्रीच पाठवा. ईमेलने कोणाची झोप मोडत नाही आणि समोरच्याला सकाळची आखणी बदलायला वेळ मिळतो.

२. मेसेजमध्ये नेमकं काय लिहायचं?

चार गोष्टी, आणि याच क्रमाने: काय होणार नाही, का होणार नाही हे दोन-तीन शब्दांत, नव्या वेळा, आणि त्या वेळा कधीपर्यंत राखून ठेवल्या आहेत. उदाहरणार्थ:

> विषय: आजची १२:३० ची मीटिंग होणार नाही, दोन नव्या वेळा
>
> नमस्कार,
> आजची १२:३० ची मीटिंग मला घेता येणार नाही, तब्येत बरी नाही. गुरुवारी १२:३० किंवा सोमवारी १२:३०, यांपैकी कोणती वेळ जमेल? दोन्ही वेळा उद्या संध्याकाळी ६ पर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. ऐन वेळी कळवावं लागतंय याबद्दल मनापासून माफी.

क्रमाला कारण आहे. फोनच्या बंद पडद्यावर विषय आणि पहिली ओळ एवढंच दिसतं. तिथे ‘आशा आहे आपण मजेत असाल’ असेल तर मेसेज दुपारी उघडला जातो, आणि तोवर तो माणूस व्हिडिओ लिंकवर तुमची वाट पाहून गेलेला असतो. ‘होणार नाही’ हे शब्द विषयातच हवेत. ‘मीटिंगबद्दल’ एवढ्याच विषयावरून काही कळत नाही.

माफी शेवटी आणि एकदाच. सुरुवातीला तीन ओळी माफी मागितली, की वाचणारा आधी तुमची समजूत घालायच्या मागे लागतो आणि वेळ निवडायचं राहून जातं.

३. आजाराबद्दल किती सांगावं? न सांगितल्यास बहाणा वाटणार नाही का?

‘तब्येत बरी नाही’ पुरेसं आहे. आजाराचं नाव, तापाचा आकडा, रात्र कशी गेली, यातलं काही नको. तपशील वाढला की समोरचा सल्ले देतो, चौकशी करतो, आणि तुम्हाला अंथरुणातून पाच जणांना ‘आता थोडं बरं आहे’ असं लिहीत बसावं लागतं. विश्वास बसतो तो मेसेजमध्ये नेमक्या वेळा दिलेल्या असल्या तर. टाळायचं असतं तो माणूस ‘लवकरच भेटू’ म्हणतो, गुरुवारी १२:३० म्हणत नाही.

अपवाद एकच. आजार संसर्गजन्य असेल आणि गेल्या एक-दोन दिवसांत तुम्ही त्या क्लायंटच्या शेजारी बसला असाल, तर ते त्याला कळलंच पाहिजे. फक्त ते या मेसेजमध्ये घालू नका. ज्यांना लागू आहे त्यांना वेगळं आणि स्पष्ट सांगा.

४. सगळ्यांना एकच मेसेज एकदम पाठवला तर चालतो का?

मजकूर एकच ठेवा, पण तो एकेकाला वेगळा पाठवा. दोन जागा बदलतात: मूळ वेळ आणि नव्या वेळा. बाकी मजकूर चिकटवायचा. पाच मेसेजना दहा मिनिटं लागतात.

सगळ्यांचे पत्ते एकाच ईमेलमध्ये उघडे टाकणं ही इथली सगळ्यांत महागडी चूक. तुमचे क्लायंट कोण आहेत हे क्लायंटनाच कळतं, आणि त्यांतले दोघं एकमेकांचे स्पर्धक असू शकतात. मग एक जण ‘सर्वांना उत्तर’ दाबतो आणि त्याची निवडलेली वेळही सगळ्यांना दिसते. व्हॉट्सॲपवर घाईघाईने बनवलेल्या ग्रुपचंही तसंच, तिथे सगळ्यांचे फोन नंबरही उघड होतात.

बीसीसीमध्ये पत्ते लपतात, पण मजकूर सगळ्यांना सारखाच जातो. त्यात ‘आजची १२:३० ची’ असं लिहिता येत नाही, ‘आजची आपली मीटिंग’ असं मोघम लिहावं लागतं, आणि नव्या वेळाही सगळ्यांना त्याच जातात. म्हणून बीसीसी तेव्हाच वापरा जेव्हा वेळा बुकिंग लिंकने देणार असाल (प्रश्न ८). व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरायची झाली तर एक लक्षात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. नव्या क्लायंटने नंबर साठवलेला नसण्याची शक्यता बरीच असते, आणि मेसेज त्याच्यापर्यंत गेला नाही हे तुम्हाला लगेच लक्षात येत नाही.

५. किती वेळा सुचवाव्यात? ‘तुम्हाला कधी जमेल ते सांगा’ हे जास्त नम्र नाही का?

नम्र वाटतं, पण त्यात सगळं काम समोरच्यावर पडतं. त्याने तीन वेळा शोधून लिहायच्या, तुम्ही त्यातल्या दोन नाकारायच्या, आणि हे पाच जणांबरोबर. दोन वेळा द्या. एकच दिली तर हुकूम वाटतो. चार-पाच दिल्या तर तुमचा सगळा आठवडा अडकून बसतो, कारण दिलेली प्रत्येक वेळ उत्तर येईपर्यंत रिकामी ठेवावी लागते.

दोन्ही वेळा वेगवेगळ्या दिवशीच्या असाव्यात, आणि शक्य असेल तर मूळ मीटिंगच्याच घटिकेच्या. ज्याने मंगळवारी दुपारी ३ ला होकार दिला होता त्याला गुरुवारी किंवा सोमवारीही ३ ची वेळ जमण्याची शक्यता जास्त. माणसाचा दिवस बहुधा ठरावीक साच्यात जातो. एवढं पाळलं तरी ‘दोन्ही जमत नाहीत’ ही उत्तरं बरीच कमी येतात.

६. सगळ्यांना त्याच दोन वेळा दिल्या, ज्याचं उत्तर आधी येईल त्याला ती वेळ. यात काय बिघडतं?

सुरुवातीच्या काळात मी हेच केलं होतं. चार क्लायंटना ‘गुरुवारी ११ किंवा शुक्रवारी ४’ असं लिहिलं. दीड तासात तिघांनी गुरुवार ११ निवडला. एकाला ती दिली, आणि उरलेल्या दोघांना लिहावं लागलं की मीच दिलेली वेळ आता उरलेली नाही. त्यांची मीटिंग एकाच सकाळी दोनदा बदलली. त्यातल्या एकाने मला शांतपणे विचारलं, ‘मग दिलीत कशाला?’ तेव्हापासून माझा नियम आहे की एक वेळ एकाच माणसाला द्यायची, आणि मेसेज पाठवण्याआधी ती कॅलेंडरमध्ये त्याच्या नावाने अडवायची.

एक पूर्ण दिवस घेऊन बघू. मंगळवार आहे, सकाळचे सव्वासहा. मीटिंगा अशा:

सकाळी ९:३०, जुन्या क्लायंटबरोबर आठवड्याचा आढावा, व्हिडिओवर, अर्धा तास.
११:००, क्लायंट प्रत्यक्ष येणार, एक तास.
१२:३०, नवा क्लायंट, पहिलीच ओळख, पाऊण तास.
३:००, क्लायंटकडचे तिघं, एक तास.
४:३०, कराराच्या मसुद्यावर शेवटची नजर. मसुदा बुधवारी दुपारी जायचाच आहे.

आधी गाळणी. साडेनऊचा आढावा या आठवड्यापुरता वगळला. साडेचारची मीटिंग त्याच वेळी सहकारी घेईल. उरल्या तीन, म्हणजे शोधायच्या फक्त सहा वेळा.

आता कॅलेंडर. बुधवारला हात लावायचा नाही (प्रश्न ७). गुरुवारी १० ते १२ आणि १२:३० ते १:३० मोकळं आहे. शुक्रवारी १०:३० ते १२ आणि ३ ते ४. सोमवारी १२:३० ते १:३० आणि ३ ते ४. मूळ घटिका सांभाळून वाटणी होते ती अशी: अकराच्या क्लायंटला गुरुवार ११ आणि शुक्रवार ११, साडेबाराच्याला गुरुवार १२:३० आणि सोमवार १२:३०, तिघांच्या गटाला शुक्रवार ३ आणि सोमवार ३. एकही वेळ दोघांकडे गेलेली नाही.

या सहाही नोंदी ‘राखीव’ आणि क्लायंटचं नाव अशा शीर्षकाने कॅलेंडरमध्ये टाका, पण कोणाला निमंत्रण न पाठवता. या नोंदी फक्त तुमच्यासाठी असतात. अडवल्या नाहीत, तर तुम्ही झोपलेले असताना एखादा सहकारी त्याच जागी काहीतरी घालून मोकळा होतो. मेसेज यानंतर पाठवायचे.

आता समजा, साडेबाराच्या क्लायंटने ८:४० ला सोमवार निवडला. लगेच दोन गोष्टी करायच्या: सोमवारची राखीव नोंद पक्की करून निमंत्रण पाठवायचं आणि गुरुवार १२:३० मोकळा करायचा. हा मोकळा झालेला तास कामाचा असतो. ज्याला दोन्ही वेळा जमत नाहीत त्याला तिसरी म्हणून हाच देता येतो. दुपारपर्यंत सहांतल्या तीन नोंदी पक्क्या होतात, तीन पुसल्या जातात, आणि कोणाशीही घासाघीस झालेली नसते.

राखून ठेवण्याची मुदत मेसेजमध्ये लिहिली नाही, तर या नोंदी आठवडाभर तशाच पडून राहतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ ही मुदत मला योग्य वाटते. समोरच्याला दीड दिवस मिळतो आणि तुम्हाला गुरुवार सकाळच्या आत चित्र स्पष्ट होतं.

७. उद्याची वेळ का देऊ नये? उद्यापर्यंत बरं वाटेलच.

कदाचित वाटेल. पण एकदा पुढे ढकललेली मीटिंग दुसऱ्यांदा ढकलणं पहिल्यापेक्षा कितीतरी जड जातं, आणि उद्या सकाळी कसं वाटेल हे आज सकाळी कोणालाच सांगता येत नाही. शिवाय आज राहिलेलं काम उद्या आधीच्या मीटिंगांच्या वर येऊन बसतं. म्हणून पहिली वेळ परवाची. बरे झालात तर बुधवार साठलेल्या कामाला मिळेल. आजार लांबणारा आहे हे डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या दिवसाच्या पुढे एक दिवस सोडून वेळा द्या.

८. बुकिंग लिंक दिली की हा सगळा खटाटोप वाचत नाही का?

बऱ्याच अंशी वाचतो. लिंकमधली वेळ एकाने घेतली की ती दुसऱ्याला दिसत नाही, त्यामुळे सहाव्या प्रश्नातली टक्कर होत नाही आणि बीसीसीने एकच मेसेज सगळ्यांना पाठवता येतो. सात-आठ मीटिंगा असतील तर मी लिंकच वापरते.

पण पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. आज आणि उद्या लिंकमध्ये बंद केले आहेत का? नाहीतर कोणीतरी आज दुपारी ४ ची वेळ घेऊन बसतं. एका दिवसात किती मीटिंगा चालतील ही मर्यादा घातली आहे का? नाहीतर आजचे सगळे गुरुवारीच जमतात आणि आजारातून उठल्याच्या दुसऱ्या दिवशी सलग सात तास बोलावं लागतं. आणि मीटिंगची लांबी बरोबर आहे का? लिंक अर्ध्या तासाची आणि मीटिंग एक तासाची, हा घोळ फार नेहमीचा.

मोठ्या हुद्द्यावरच्या किंवा पहिल्यांदाच भेटणाऱ्या क्लायंटला नुसती लिंक पाठवणं मला पटत नाही. मीटिंग तुम्ही मोडलीत, आणि आता रांगेत उभं राहायचं काम त्याच्याकडे, असं वाटू शकतं. त्यांना दोन वेळा लिहा आणि खाली ‘यांपैकी जमत नसेल तर इथून निवडा’ म्हणून लिंक द्या. तसं केलं तर त्या दोन वेळा लिंकमधून काढायला विसरू नका. कॅलेंडरमध्ये ‘राखीव’ नोंद असेल आणि ती ‘व्यस्त’ म्हणून ठेवलेली असेल, तर लिंक त्या वेळा आपोआप लपवते.

९. फोन कोणाला करावा?

ज्याची मीटिंग दोन तासांच्या आत आहे त्याला, आणि जो तुमच्याकडे यायला घरातून किंवा ऑफिसातून निघणार आहे त्याला. दुसऱ्याच्या बाबतीत मीटिंगची वेळ धरू नका, तो निघेल ती वेळ धरा. आपल्या उदाहरणातला अकराचा क्लायंट नऊला निघत असेल तर फोन आठच्या आत जायला हवा. फोन उचलला नाही तर मेसेज टाका आणि वीस मिनिटांनी पुन्हा फोन करा. आवाज बसला असेल तर घरातल्या कोणाला तरी बोलायला सांगा. फोनवर फक्त ‘आज नाही, कृपया निघू नका’ एवढं पुरे, वेळा मेसेजने. तापात फोनवर ठरवलेल्या वेळा मागाहून नीट आठवत नाहीत.

१०. कॅलेंडरमधल्या आजच्या नोंदी कधी काढाव्यात?

मेसेज पाठवल्यानंतर, आधी नाही. निमंत्रण तुम्ही पाठवलेलं असेल आणि तुम्ही नोंद काढली, तर समोरच्याला ‘रद्द’ अशी कोरडी सूचना जाते. ती आधी पोहोचली तर काहीतरी बिनसलं असं वाटतं. मेसेज आधी पोहोचला असेल तर तीच सूचना नुसती पोचपावती ठरते. नोंद काढताना सूचनेबरोबर दोन शब्द लिहायची सोय असते, तिथे ‘नव्या वेळा मेसेजमध्ये दिल्या आहेत’ असं लिहा.

काही जण नवी वेळ ठरेपर्यंत जुनी नोंद तशीच ठेवतात. ते टाळा. क्लायंटच्या फोनवर दहा मिनिटं आधी आठवण वाजते, आणि सकाळचा मेसेज ज्याने घाईत वाचला तो लिंकवर जाऊन बसतो. काहीजण उलट नोंद परस्पर गुरुवारी सरकवून टाकतात. तेही टाळा, कारण मग तुम्ही विचारत नाही आहात, ठरवून मोकळे झाला आहात.

निमंत्रण क्लायंटचं असेल तर नोंद तुमच्या हातात नाही. मेसेज पाठवा आणि निमंत्रणाला नकार देताना नवी वेळ सुचवायची सोय असते ती वापरा. नवीन निमंत्रण केलं की व्हिडिओची लिंकही बहुधा बदलते, त्यामुळे पक्कं करताना ‘लिंक नवी आहे’ हे लिहा.

११. दर आठवड्याला होणाऱ्या मीटिंगचं काय?

बहुतेक वेळा नवी वेळ देऊच नका. ‘या आठवड्याची वगळू या, पुढच्या मंगळवारी नेहमीच्या वेळी भेटू. मधल्या काळात काही अडलं असेल तर लिहून ठेवा, मी गुरुवारी उत्तर देईन’ एवढं पुरे. जुन्या क्लायंटला यात सुटकाही वाटते.

नोंद काढताना मात्र सावध. कॅलेंडर विचारतं: फक्त ही, ही आणि पुढच्या, की सगळ्या. गूगल कॅलेंडरवर ते `This event`, `This and following events` आणि `All events` असं दिसतं. डोकं जड असताना चुकीचं बटण दाबलं, की वर्षभराच्या मीटिंगा रद्द झाल्याची सूचना क्लायंटला जाते. असं झालंच तर लगेच त्याला लिहा की फक्त आजची वगळली आहे, आणि मालिका पुन्हा तयार करा.

१२. मीटिंग आजच होणं भाग असेल तर?

मग वेळ बदलू नका, माणूस बदला. मेसेज असा: ‘मला आज येता येणार नाही, तब्येत बरी नाही. मसुदा उद्या जायचा आहे म्हणून ४:३० ची वेळ तशीच ठेवली आहे, माझे सहकारी ती घेतील. त्यांच्याकडे मसुदा आणि तुमच्या तिन्ही शंका पोहोचल्या आहेत.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा, आणि सहकाऱ्याचा होकार मिळेपर्यंत मेसेज थांबवा. दिवसातला हा एकच मेसेज असा आहे, की तो पाठवण्याआधी सहकाऱ्याला फोन करावा लागतो.

सहकारी नसेल तर क्लायंटला मुदतीबद्दलच विचारा: मुदत एक दिवसाने हलू शकते का, की निर्णय लेखी कळवला तरी चालेल? बऱ्याचदा एक तासाच्या मीटिंगमधला खरा प्रश्न एकच असतो आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं.

१३. क्लायंटकडून तिघं-चौघं येणार होते. प्रत्येकाला लिहू का?

नाही. ज्याने मीटिंग जुळवली होती त्या एकालाच मेसेज पाठवा, बाकीच्यांना सीसीमध्ये ठेवा. ते एकाच कंपनीतले असल्यामुळे चौथ्या प्रश्नातली अडचण इथे नाही. ‘तुमच्या बाजूने कोणती वेळ जमते ते तुम्हीच ठरवून कळवा’ असं लिहा. त्यांना आपसांत बोलावं लागतं, म्हणून मुदत एक दिवस वाढवून द्या आणि दोन्ही वेळा थोड्या पुढच्या दिवसांतल्या ठेवा.

१४. क्लायंट दुसऱ्या देशात आहे. वेळ कोणाच्या घड्याळाने लिहावी?

त्याच्या. खाली तुमची लिहिली तरी चालेल, पण शहराचं नाव दोन्हीकडे हवं. ‘गुरुवारी ६’ असं कधीच लिहू नका, सकाळ की संध्याकाळ तेही लिहा. मार्चमध्ये जास्त काळजी घ्या. अमेरिकेच्या बहुतेक भागांत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपीय संघात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा फरक चुकतो. नवी वेळ नेमकी पुढच्या आठवड्यात पडत असेल तर पाठ असलेल्या फरकावर विसंबू नका, कॅलेंडरमध्ये नोंद करून बघा.

१५. उत्तरच आलं नाही, किंवा फक्त ‘काळजी घ्या’ एवढंच आलं, तर?

‘काळजी घ्या’ हे मेसेज वाचल्याचं लक्षण आहे, वेळ निवडल्याचं नाही. त्या दिवशी पुन्हा विचारू नका. मुदत संपायच्या दोन-तीन तास आधी एक ओळ: ‘गुरुवार ११ की शुक्रवार ११? संध्याकाळी ६ नंतर या वेळा सोडाव्या लागतील.’ तरीही उत्तर नाही तर वेळा खरोखर सोडा आणि तसं कळवा. सोडणार म्हणून न सोडलेल्या वेळांमुळे पुढच्या वेळी तुमच्या मुदतीला कोणी किंमत देत नाही.

काहीच उत्तर नाही आणि मीटिंगला एक तास उरला आहे, ही वेगळी गोष्ट. तिथे मेसेज वाचलाच नसेल असं धरा आणि फोन करा. दोन्ही वेळा जमत नसतील तर दुसऱ्या कोणाची मोकळी झालेली वेळ द्या (प्रश्न ६), आणि तीही नसेल तर आता मात्र त्यालाच विचारा.

१६. क्लायंट म्हणतो, ‘पाचच मिनिटं फोनवर बोलू.’ नाही कसं म्हणू?

‘आज बोलता येणार नाही. नेमका प्रश्न लिहून पाठवलात तर गुरुवारी सगळ्यांत आधी तोच घेईन.’ पाच मिनिटांची वीस होतात ही अडचण आहेच. पण त्याहून मोठी ही, की तापात दिलेला आकडा किंवा तारीख क्लायंट लिहून घेतो, आणि नंतर तुम्हाला ती पाळावी लागते. म्हणूनच या दिवशी आपोआप जाणारं उत्तर सुरू ठेवणं चांगलं. फक्त त्यात ‘मी उपलब्ध नाही’ एवढंच नको, नाहीतर वेळ निवडणाऱ्यालाही तेच जातं आणि तो गोंधळतो. ‘आज उत्तर उशिरा येईल. नवी वेळ कळवली असेल तर ती मिळाली आहे, आज संध्याकाळी पक्की करते’ असं लिहा, आणि संध्याकाळी दहा मिनिटं उठून तेवढं कराच.

१७. याच क्लायंटची मीटिंग मागेही एकदा ढकलली होती. तोच मेसेज चालेल का?

नाही. त्याला फोन करा, आणि मेसेजमध्ये मागचा उल्लेख स्वतःहून करा: ‘दुसऱ्यांदा बदलावी लागते आहे, याची मला जाणीव आहे.’ इथे दोन वेळांचा नियमही मोडा. ‘गुरुवार आणि शुक्रवारी कधीही, मी माझं बाकीचं हलवीन’ असं म्हणा, आणि ते खरं करता येईल इतके तास अडवून ठेवा. तिसऱ्यांदाची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, तर सहकाऱ्याला आताच बरोबर घ्या, म्हणजे तुम्ही नसलात तरी मीटिंग होईल.

१८. मला लिहिण्याइतकंही बरं नाही. दुसऱ्या कोणी पाठवलं तर?

चालतं, पण त्याने स्वतःच्या नावाने पाठवावं: ‘त्यांच्या वतीने लिहीत आहे.’ तुमच्या नावाने लिहिलेला मेसेज आणि त्यावर आलेल्या प्रश्नाला तुम्हाला माहीत नसलेलं उत्तर, यातून भलतेच घोटाळे होतात. त्या माणसाला तीन गोष्टी द्या: कॅलेंडर बघायची परवानगी, कोणत्या दिवशी काही ठेवायचं नाही ते, आणि कोणाला फोन करायचा ते. मेसेजचा मजकूर बरे असतानाच लिहून फोनमध्ये ठेवलेला असला तर हे काम दोन वाक्यांत सांगता येतं. मी ज्यांचं कॅलेंडर पाहते त्या प्रत्येकाकडून तो मी आधीच लिहून घेते.

१९. गुरुवार उजाडला आणि अजूनही बरं नाही. आता?

बुधवारी संध्याकाळी स्वतःला विचारा, गुरुवारी सकाळी नाही. शंका असेल तर गुरुवारच्या पहिल्या क्लायंटला रात्रीच कळवा. त्याची शुक्रवारची राखीव नोंद त्याने निवड केल्यावर तुम्ही मोकळी केली असेल, ती अजून रिकामी आहे का हे आधी बघा. रिकामी असेल तर सगळ्यांत सोपं, कारण ती वेळ त्याला एकदा दिलेलीच होती. पण शुक्रवारीही उठाल याची खात्री नसेल तर ती देऊ नका. पुढच्या आठवड्यातली एक वेळ आणि त्याआधी सहकाऱ्याबरोबरची एक वेळ, असे दोन पर्याय द्या. या वेळी मेसेज सगळ्यांना सारखा नसतो, सतराव्या प्रश्नासारखा एकेकाचा असतो.